काचेतला चेक

विद्युल्लता खांबेकर जव्हारच्या एका बँकेत हेड कॅशियर होत्या. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना समोरून सगळे ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की ‘शॉक’. विजेचं नाव ठेवणाऱ्या आईवडिलांनी फार दूरचा विचार केला असावा, असं शाखेतल्या शिपायाचं मत होतं. एकदा एका माजी सभापतींनी स्लिपवर तीनदा सही केली, तेव्हा बाई काउंटरमागून म्हणाल्या होत्या, “साहेब, सही तीनदा केली म्हणून पैसे तिप्पट मिळत नाहीत. एक ठेवा, बाकीच्या खोडा.” सभापतींनी दोन खोडल्या. मग बाईंनी त्यांना नवीन स्लिप भरायला लावली.

एप्रिलातला दुसरा शनिवार होता. बँक बंद, उद्या रविवार आणि परवा आंबेडकर जयंतीची सुट्टी. बाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. हात चिकाने भरलेले असताना खालून हाक आली.

“मॅडम, आहात का? मी हर्षदा. करवंदपाड्याची.”

करवंदपाडा मोखाड्याच्या वर, सूर्यमाळच्या उताराला. अडतीस घरं. हर्षदा तिथली अंगणवाडी सेविका, आणि पाणी समितीची सचिवही तीच, कारण समितीत इंग्रजी वाचणारी ती एकटीच. बरोबर समितीचे अध्यक्ष पुंजाबाबा आले होते. सकाळची एसटी धरून दोघं आली होती आणि दोघांच्या चेहऱ्यावर शाळेत बोलावणं आलेल्या पालकांसारखा भाव होता.

“काउंटर आज बंद आहे,” बाई वरूनच म्हणाल्या. “कुरडया खायच्या असतील तर वर या.”

दोघं वर आली. हर्षदाने सांगितलं ते असं. ठाण्याहून पराग सबनीस नावाचे एक साहेब दोन महिन्यांपासून येत होते. त्यांचं ‘निर्झरिणी लोकोदय प्रतिष्ठान’. पाड्यावर पाण्याची टाकी, मोटर, पाइपलाइन, सगळं नऊ लाखांत. अट एकच, गावाची लोकवर्गणी रोख द्यायची. लोक आपला पैसा घालतात तेव्हाच योजना आपली मानतात, असं साहेब प्रत्येक सभेत म्हणत आणि हे म्हणताना छातीवर हात ठेवत. उद्या रविवारी जव्हारला व्यापारी मंडळाच्या सभागृहात कार्यक्रम होता. तिथं साहेब चेक देणार, पाडा वर्गणी देणार, आणि मंगळवारी काम सुरू.

“साहेबांनी पैसे कालच भरलेत,” हर्षदा म्हणाली. “ठाण्यातून, आमच्या समितीच्या खात्यावर. शुक्रवारी संध्याकाळी चेक टाकला, पावतीचा फोटो पाठवला. खात्यात मंगळवारी दिसेल म्हणाले. बँकेचा शिक्का आहे त्याच्यावर.”

“मग माझ्याकडे कशाला आलीस?”

हर्षदाने पुंजाबाबांकडे पाहिलं. पुंजाबाबांनी कुरडयांकडे पाहिलं.

“धोंडीबाई पैसं देत नाय,” ते शेवटी म्हणाले.

वर्गणीचे सत्तावन्न हजार धोंडीबाईच्या ताब्यात होते. कुणी रोजगार हमीतून आलेले दिले, कुणी भिवंडीच्या वीटभट्टीवरून आणलेले, एकीने बकरी विकून. धोंडीबाई त्या डब्यावर बसते, तीच त्याच्यावर झोपते, असं पाड्यात म्हणत. तिने सांगून टाकलं होतं की बँकेतल्या त्या भांडकुदळ बाईने फोटो पाहिल्याशिवाय एक नोट सुटणार नाही.

“माझ्यावर एवढा विश्वास?”

“ती बोलली,” पुंजाबाबा म्हणाले, “जी बाय दिसभर भांडतं, तिला खोटं बोलाय येळ कुठं गावंल?”

बाई मोठ्याने हसल्या. मग हात धुऊन लॅपटॉप घेऊन आल्या.

फोटो मोठा केला. बाईंच्याच बँकेच्या ठाणे शाखेची चेक जमा करण्याची पावती. पाड्याच्या समितीचं नाव, नऊ लाख, तारीख, आणि उजव्या बाजूला जांभळा गोल शिक्का. लांबून बघितलं तर एकदम सोज्वळ.

“हा फोटो थेट त्यानेच पाठवला? चार ग्रुपमधून फिरून आलेला नाही ना?”

“थेट.”

“बरं. मग फिरण्यामुळे खराब झाला असं म्हणायला नको.” बाईंनी आकड्यांपाशी अजून मोठं केलं. “कागदाकडे बघ. अक्षरांकडे नको. काय दिसतं?”

“निळसर रेघा आहेत. लाटांसारख्या.”

“सगळीकडे?”

हर्षदाने डोळे बारीक केले. पावतीभर लाटांची फिकट जाळी होती. नऊ लाखांच्या आकड्याभोवती मात्र जाळी नव्हती. तिथं नुसताच फिका निळा रंग होता, ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. समितीच्या नावाभोवतीही तेच.

“फोन फोटो खराब करतो तेव्हा सगळ्या फोटोची वाट लावतो,” बाई म्हणाल्या. “फक्त रक्कम आणि नाव तेवढं निवडून खराब करायला फोनला अक्कल लागते. इथं आधी दुसरं काहीतरी होतं. पुसलं, वर नवीन लिहिलं. आता शिक्का.”

पावतीला मधोमध तिरकी घडी पडली होती. छापील रेघा घडीपाशी येऊन मोडत होत्या, सावलीत जात होत्या. शिक्का त्याच घडीवरून गेला होता, पण त्याचा गोल कुठेच मोडला नव्हता.

“रस्त्याला खड्डा आहे आणि गाडीला हादरा नाही,” बाई म्हणाल्या. “आपल्या जव्हार-मोखाडा रस्त्यावर असं कधी झालंय?”

पुंजाबाबा पहिल्यांदाच खुलले. “नाय बा!”

“शाई बघा. रबरी शिक्का दाबला की शाई कडेला जमते, मधे विरळ होते. कागद जिथं खाली तिथं बसतच नाही. हा बघा, कसा एकसारखा रंग. रांगोळी भरल्यासारखा. आणि ही तारीख.” त्यांनी शिक्क्याच्या पोटात बोट ठेवलं. “शिक्का डावीकडे कलंडलाय. आत तारीख मात्र सरळ उभी. शिक्क्याने दारू प्यायली आणि तारीख शुद्धीवर राहिली?”

 हर्षदाला एकदम आठवलं. “मॅडम, त्यांच्या माहितीपत्रकात दुसऱ्या गावाची पावती आहे. पळसपाडा. नोव्हेंबरमधली. बघा, आधी केलेलं काम, म्हणून दाखवतात.”

बाईंनी तो फोटो घेतला आणि पहिल्याशेजारी ठेवला. मग दोन्ही शिक्के सारख्या आकाराचे करून, एक अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर सरकवला. दोन शिक्क्यांचा एक झाला. कलंडणं तेवढंच. खालच्या बाजूला एका अक्षराचा तुटलेला पाय तोच. वरच्या कडेला जांभळा शिंतोडा, तोही तिथंच. फक्त तारखा वेगळ्या.

“मी एकोणतीस वर्षं शिक्के मारतेय,” बाई म्हणाल्या. “जेवणाआधी वेगळा पडतो, जेवणानंतर वेगळा. मॅनेजर शेजारी उभा असला की फारच वेगळा. रबराचा तुटका पाय दोनदा दिसेल, ते चालतं. पण तेवढाच कलंडलेला, तेवढ्याच शाईचा, त्याच जागी शिंतोडा असलेला शिक्का पाच महिन्यांनी परत पडत नाही. हा एकच शिक्का आहे. कापून चिकटवलेला.”

त्यांनी लगेच कपाटातून आपल्या जुन्या पावत्या काढून दाखवल्या. पाच पावत्या, एकाच शिक्क्याच्या, आणि पाचही वेगवेगळ्या. पुंजाबाबांनी त्या उन्हात धरून बराच वेळ पाहिल्या.

“आणखी एक ऐक,” बाई हर्षदाला म्हणाल्या. “हा शिक्का खरा असता तरी पैसे आले असं झालं नसतं. चेकच्या पावतीवरचा शिक्का एवढंच म्हणतो की कागद मिळाला. पैसे येतात ते चेक वटल्यावर. खात्यात दिसल्याशिवाय डबा उघडायचा नाही.”

हर्षदाने पळसपाड्याला तिच्या ओळखीच्या आशा सेविकेला, सुनिताला, फोन लावला. “सुनिताताई, तुमच्याकडं टाकी आली का गं?”

पलीकडून बराच वेळ उत्तर आलं. हर्षदाने फोन ठेवला. “टाकी नाही आली. खड्डा आलाय. खड्डा गावानंच खणला, श्रमदानातून. त्यात म्हशी बसतात.”

पुंजाबाबा उठून गच्चीच्या कठड्याशी गेले. त्यांचं तोंड दिसत नव्हतं. “बकरी इकली तिनं,” एवढंच ते म्हणाले.

बाईंनी विषय बदलला नाही, धीरही दिला नाही. ते त्यांना जमत नसे. त्यांनी दिराला फोन लावला.

बळवंतशेठ खांबेकर म्हणजे व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, पाइप आणि सिमेंटचे दुकानदार आणि उद्याच्या कार्यक्रमाचे यजमान. सबनीस साहेब दोन महिने त्यांच्याच पाहुण्यांच्या खोलीत उतरत होते आणि त्यांच्याच घरी जेवत होते. पाइपांची ऑर्डर त्यांनाच मिळणार होती, त्यामुळे त्यांना माणूस अत्यंत निःस्वार्थी वाटत होता.

“वहिनी, काहीतरीच काय! पावतीवर शिक्का आहे!”

“शिक्का बटाट्याचाही होतो, भावोजी.”

“पण त्यांनी उद्या चेक द्यायचं ठरवलंय. सगळ्यांसमोर! खोटा माणूस असं करील का?”

“पैसे कालच भरले असतील तर उद्या चेक कसला देतो?”

 बळवंतशेठ म्हणाले, “तो प्रतीकात्मक आहे. फ्रेम केलाय. मी स्वतः फ्रेम करून घेतली. साडेआठशे रुपये.”

“काचेत?”

“काचेत. का?”

“काही नाही. मी येते उद्या. मला स्टेजवर बसवा. बँकेच्या प्रतिनिधी म्हणून.”

फोन ठेवून त्या हर्षदाला म्हणाल्या, “फोटोवर पोलिसात गेलो तर तो म्हणेल, फोन खराब, बाई म्हातारी. कागद हातात आला पाहिजे. धोंडीबाईला सांग, डबा घेऊन यायचा. पण डबा सोडायचा नाही.”

“ती तसाही सोडत नाही,” हर्षदा म्हणाली.

रविवारी सकाळी अकराला सभागृह भरलं. स्टेजवर सात खुर्च्या आणि नऊ मान्यवर होते, त्यामुळे दोघांनी प्लास्टिकचे स्टूल स्वीकारून मोठेपणा दाखवला. पहिली चाळीस मिनिटं एकमेकांना शाली घालण्यात गेली. एकच शाल दोनदा फिरली, हे फक्त विद्युल्लताबाईंच्या लक्षात आलं. करवंदपाड्याच्या बायका मधल्या रांगांत बसल्या होत्या आणि धोंडीबाई दाराजवळ, मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात.

सबनीस साहेब पांढऱ्या कुर्त्यात छान दिसत होते. पाण्यावर बोलताना त्यांचा आवाज ओला झाला. मग छातीवर हात ठेवून त्यांनी फ्रेम उचलली. चेकला झेंडूची माळ घातली होती. फोटोवाला पुढे आला. पुंजाबाबांनी एका बाजूने फ्रेम धरली, साहेबांनी दुसऱ्या बाजूने. टाळ्या झाल्या.

“आता ग्रामस्थांनी आपली वर्गणी...” बळवंतशेठांनी माइकवर सुरुवात केली.

विद्युल्लताबाई उठल्या. “आधी चेक बघते. बँकेची माणसं आहोत, सवय असते.”

“अवश्य बघा ना, ताई!” साहेबांनी फ्रेम तिरकी करून त्यांच्यापुढे धरली. काचेत ट्यूबलाइट चमकली.

“काच बघून झाली. चेक बघायचाय. बाहेर काढा.”

“अहो, सील केलेली फ्रेम आहे. हा प्रतीकात्मक...”

“रक्कम प्रतीकात्मक आहे की चेक?”

सभागृहात कुणीतरी खोकलं. साहेब हसले, पण फ्रेम छातीशी धरून हसले. “बळवंतशेठ, वहिनींना जरा...”

बळवंतशेठ दोघांच्या मधे उभे होते. गेले दोन महिने त्यांनी या माणसाला रोज रात्री तूप वाढलं होतं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग फ्रेमकडे. नंतर लोक म्हणाले की त्यांना सत्याची जाणीव झाली. ते स्वतः मात्र सांगत की आधीची रात्र त्यांनी उधारीवर मागवून ठेवलेल्या पाइपांचा विचार करत काढली होती. काही असो, त्यांनी फ्रेम साहेबांच्या हातातून घेतली, पालथी केली आणि खिशातल्या किल्लीने मागचे बारीक खिळे उचकटले.

चेक बाहेर आला. बाईंनी तो आधी खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरला.

“खऱ्या चेकच्या कागदात पाणछाप असते,” त्या म्हणाल्या. माइक सुरूच होता. “उजेडात धरला की ‘सीटीएस इंडिया’ अशी अक्षरं कागदाच्या पोटात दिसतात. इथं पोट रिकामं आहे.”

मग त्यांनी पर्समधून नोटा तपासायचा लहान दिवा काढला. चेक टेबलाखालच्या सावलीत धरला, त्यावर जांभळा उजेड पडला आणि तो धुऊन नीळ दिलेल्या धोतरासारखा लख्ख चमकला.

“चेकचा कागद या दिव्यात मंद राहतो. बँकेचं चिन्ह तेवढं उजळतं. हा सगळाच उजळला आणि चिन्ह कुठं नाही. हा झेरॉक्सच्या दुकानातला कागद आहे. आता भिंग.” त्यांनी भिंग ठेवलं. “हर्षदा, वर ये. तुझे डोळे चांगले आहेत. नक्षीच्या रेघा कशा दिसतात?”

हर्षदा स्टेजवर चढली. ती भिंगावर वाकली. “रेघा नाहीत, मॅडम. ठिपके आहेत. लाल, निळे, पिवळे.”

“छापखान्यातली रेघ अखंड असते. प्रिंटर ठिपके मारतो. पुढे बघ. उजव्या कोपऱ्यात, सहीच्या वर. नक्षीत काही दिसतं?”

हर्षदाने चेक लांब धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला. “अक्षरं आहेत. फिकट. व्ही... ओ... आय... डी.”

“व्हॉइड. म्हणजे रद्द.” बाईंनी पहिल्यांदा साहेबांकडे सरळ पाहिलं. “खऱ्या चेकच्या नक्षीत हा शब्द लपवलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही. पण कुणी त्याची कॉपी काढली की वर येतो. यांनी बाकीच्या ठिकाणी पुसलाय, मेहनत घेतलीय, नाही म्हणवत नाही. कोपऱ्यातला राहिला. नऊ लाखांचा चेक स्वतःच सांगतोय, मला घेऊ नका.”

हसण्याची लाट मागून पुढे आली. स्टेजवरच्या मान्यवरांना हसावं की गंभीर व्हावं हे ठरवता येईना, म्हणून त्यांनी आळीपाळीने दोन्ही केलं.

“हे डिझायनरने...” साहेब म्हणाले. “मूळ चेक ठाण्यात आहे. पैसे भरलेले आहेत, पावती आहे...”

“पावत्या दोन आहेत,” हर्षदा म्हणाली. माइक तिच्याजवळ होता हे तिलाच उशिरा कळलं. “आमची आणि पळसपाड्याची. दोन्हींवर एकच शिक्का आहे. सुनिताताईंच्या गावात नुसता खड्डा आहे.”

साहेबांना त्याच क्षणी एक महत्त्वाचा फोन आला. फोन वाजला नव्हता, पण त्यांनी तो कानाला लावला, “हॅलो, हॅलो, इथं रेंज नाही,” असं म्हणत पायऱ्या उतरले आणि दाराकडे निघाले. दारात धोंडीबाई बसली होती. ती उठली नाही. दार अरुंद, धोंडीबाई ऐसपैस, आणि तिच्या मागे करवंदपाड्याच्या आठ बायका एव्हाना उभ्या राहिल्या होत्या.

“बस रं बाबा,” धोंडीबाई म्हणाली. “उन्हाचा कुठं जातंस?”

साहेब बसले. बायकांनी त्यांना मधे घेतलं. कुणी हात लावला नाही. एकीने पाणी दिलं, बाटलीतलं, घरून आणलेलं. साहेब ते पीत असताना पुंजाबाबांनी मान फिरवली.

हवालदार पाऊण तासाने आले. त्यांनी सगळं ऐकलं, चेक उलटसुलट केला आणि म्हणाले, “याच्या दोन झेरॉक्स लागतील.” विद्युल्लताबाई काही बोलण्याआधी बळवंतशेठच हवालदारांना बाजूला घेऊन गेले.

सबनीस हे त्याचं खरं नाव नव्हतं. चौकशीत तीन तालुक्यांतल्या पाच गावांची नावं निघाली. पळसपाड्याची वर्गणी परत मिळाली नाही. खटला सुरू आहे, तारखा पडतात, आणि सुनिता प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी बुडवून जाते. वर्तमानपत्रात बातमी आली ती ‘व्यापारी मंडळाच्या सतर्कतेमुळे’ अशी. फोटो बळवंतशेठांचा होता. विद्युल्लताबाईंनी ती बातमी वाचली आणि तिच्यावर कुरडया वाळत घातल्या.

कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी बँक उघडल्यावर धोंडीबाईने डबा काउंटरवर ठेवला. पैसे समितीच्या खात्यात गेले. दुपारी बळवंतशेठ बँकेत आले, रांगेत उभे राहिले, जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

“वहिनी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “पाइप पडून आहेत. मागवले होते त्याच्या भरवशावर. मी खरेदीच्या भावात देतो. तुम्ही पाड्यावाल्यांना सांगाल का?”

“तुम्हीच सांगा. माणसं तिथं बाकावर बसलीयेत.”

बळवंतशेठ बाकाकडे गेले. धोंडीबाईसमोर हात जोडावेत की बसावं हे त्यांना कळेना. शेवटी ते बाकाच्या टोकावर बसले. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “त्याला घरात मी घेतलं.”

धोंडीबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “पाइप किती लांब हाय?”

सत्तावन्न हजारांत टाकी होत नव्हती, मोटर तर नाहीच. पण पाड्याच्या वरच्या अंगाला एक झरा होता, मे अखेरपर्यंत करंगळीएवढा वाहणारा. तिथून पाइप टाकला तर पाणी उतारानेच येणार होतं. माणसांनी चर खणले. पाइप पाड्याच्या अलीकडे, मोठ्या उंबराशी संपला. पैसे तिथपर्यंतच पुरले. तिथं एक जुनं पत्र्याचं पिंप ठेवलं.

पहिल्या दिवशी पिंप भरायला चार तास लागले. हर्षदाने फोन करून विद्युल्लताबाईंना सांगितलं की पूर्वी हंडा आणायला दीड तास लागायचा, आता दहा मिनिटं लागतात. फक्त रांग लावावी लागते.

“रांगेत भांडणं होतात?” बाईंनी विचारलं.

“रोज.”

“पिंपापाशी कोण उभं राहतं?”

“धोंडीबाई.”

“मग ठीक आहे,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या ग्राहकाला हाताने खूण केली.